अंतर, बदला आणि व्याज
आर्बिट्राज फंडाच्या परिभाषेची एक चिकित्सा

अर्थव्यवहारात नवा शब्द रूढ होतो तेव्हा तो केवळ नव्या वस्तूचे नाव म्हणून येत नाही. ती वस्तू कशी समजून घ्यावयाची याची एक शिकवणही तो सोबत आणतो. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत गेल्या काही वर्षांत 'आर्बिट्राज फंड' हा शब्द बँकेच्या दारापर्यंत येऊन पोचला आहे. निवृत्तीची रक्कम हाती आलेल्या शिक्षकास मुदतठेवीचा पर्याय म्हणून हा फंड सुचविला जातो, आणि त्याचे वर्णन साधारणतः एकाच साच्यात केले जाते: रोख बाजार व वायदे बाजार यांतील किमतींच्या तफावतीचा लाभ घेऊन अल्प जोखमीत परतावा मिळविणारी योजना. हे वर्णन असत्य नाही. परंतु ते ऐकणाऱ्याच्या मनात जो अर्थ उभा राहतो, तो मात्र वस्तुस्थितीपासून बराच दूर असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या अंतराचा शोध घेणे हा या टिपणाचा हेतू होय.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'आर्बिट्राज' हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'आर्बिटर' म्हणजे निवाडा करणारा हा शब्द आहे. दोन पक्षांमध्ये लवाद जे करतो, ते दोन बाजारभावांमध्ये करणारा तो आर्बिट्राजर, अशी ही कल्पना. मराठीत व हिंदीत 'अंतरपणन' असा संस्कृत घडणीचा पर्यायही आढळतो. 'अंतर' म्हणजे फरक आणि 'पणन' म्हणजे विक्रय. दोन्ही शब्दांत एक गृहीत समान आहे. एकाच वस्तूच्या दोन किमती झाल्या आहेत, हा बाजाराचा काहीतरी प्रमाद आहे, आणि चतुर मनुष्य तो प्रमाद हेरून लाभ उठवितो, हे ते गृहीत होय. एकाच दिवशी मुंबईत स्वस्त व कलकत्त्यात महाग असणाऱ्या वस्तूविषयी हे वर्णन योग्य ठरेल. आर्बिट्राज फंड ज्या तफावतीवर जगतो, ती मात्र या जातीची नाही. ते अंतर दोन स्थळांमधील नसून दोन काळांमधील आहे, आणि काळाच्या अंतराला जे मोल पडते त्याला व्यवहारात फार जुने नाव आहे: व्याज.

हे विधान नुसते मांडून भागणार नाही. आकड्यांनी सिद्ध करून दाखविले पाहिजे. एखाद्या कंपनीचा शेअर आज रोख बाजारात १,००० रुपयांस मिळतो आणि त्याच शेअरचा महिनाअखेरचा वायदा १,००६ रुपयांस विकला जातो, असे उदाहरणापुरते समजू. वायद्याचा एक सौदा ५०० शेअरांचा आहे. फंड ५०० शेअर रोखीने विकत घेतो, त्यासाठी ५,००,००० रुपये देतो, आणि त्याच क्षणी ५०० शेअरांचा वायदा ५,०३,००० रुपयांस विकतो. आता महिनाअखेर येते. शेअर वाढून १,०८० झाला, तर हातातील शेअरांवर ४०,००० रुपये नफा होतो आणि विकलेल्या वायद्यावर ३७,००० रुपये तोटा होतो, उरतात ३,०००. शेअर कोसळून ९०० झाला, तर शेअरांवर ५०,००० रुपये तोटा आणि वायद्यावर ५३,००० रुपये नफा. उरतात पुन्हा ३,०००. भाव कोठेही जावो, हाती येणारी रक्कम सौदा केला त्याच क्षणी ठरून गेलेली असते. पाच लाखांवर महिन्याला तीन हजार म्हणजे शेकडा ०.६, अर्थात वर्षाच्या हिशेबाने सुमारे ७.२ टक्के.

ज्याने समोरून हा वायदा विकत घेतला, त्याने सहा रुपये अधिक का दिले, हा येथे विचारावयाचा खरा प्रश्न आहे. तो काही भाबडा नाही. शेअर वाढेल असा त्याचा तर्क आहे, पण पाच लाख रुपये गुंतविण्याची त्याची तयारी नाही. वायद्यात त्याला एकूण किमतीचा लहानसा हिस्सा, समजा पाचवा, तारण म्हणून ठेवावा लागतो. उरलेले पैसे जणू दुसऱ्याने त्याच्यासाठी महिनाभर गुंतवून ठेवले आहेत. तो दुसरा म्हणजे फंड. शेअर फंडाच्या खात्यात पडून आहे; त्याच्या चढउताराचे सारे सुखदुःख वायदा घेणाऱ्याचे आहे; आणि पैसे अडकवून ठेवल्याबद्दल फंडास सहा रुपये मिळतात. सट्टेबाजाला शेअर तारण ठेवून दिलेले हे कर्जच नव्हे काय? तफावत वाढते ती बाजारात तेजीचा उत्साह असून उसनवारीची मागणी वाढते तेव्हा. आणि घटते ती असा पैसा पुरविणारे फंड संख्येने व आकाराने मोठे होतात तेव्हा. सावकारीच्या दराचाही हाच नियम आहे.

मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरील जुन्या पिढीला हे सांगावे लागले नसते. तेथे दीर्घकाळ 'बदला' नावाची पद्धत चालत होती. सौद्याचे पैसे चुकते करण्याचा दिवस आला आणि तेजीवाल्याजवळ पैसे नसले, म्हणजे तो सौदा पुढील मुदतीवर ढकलीत असे, आणि तो ढकलू देण्यासाठी पैसा पुरविणाऱ्यास जे द्यावे लागे, त्यास बदल्याचा दर म्हणत. पैसा लावणारे हे लोक शेअरांच्या भविष्याविषयी तर्क करीत नसत. ते व्याज मिळवीत असत, आणि आपण व्याज मिळवितो असेच म्हणत. उलट, मंदीवाल्यांनी नसलेले शेअर इतके विकले की शेअरांचीच टंचाई झाली, म्हणजे पैसा त्यांच्याकडून तेजीवाल्यांकडे वाहू लागे. त्याला 'उंधा बदला' म्हणजे उलटा बदला हा शब्द होता. २ जुलै २००१ पासून सेबीने ही पद्धत बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एकेका शेअरचे वायदे सुरू झाले. बदल्यात तारणाचा व सौद्यांच्या हमीचा जो ढिसाळपणा होता, तो नव्या व्यवस्थेत राहिला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आर्थिक कार्य तेच राहिले. बदलली ती परिभाषा. पैसा पुरविणाऱ्याची जागा फंडाने घेतली, व्याजाची जागा 'तफावतीच्या लाभाने' घेतली, आणि व्यवहार कशाचा आहे हे जो शब्द उघड सांगत होता तो मागे पडून, तो झाकणारा शब्द पुढे आला.

आता 'अल्प जोखीम' या दुसऱ्या पदाकडे वळू. ही जोखीम अल्प का आहे, याचे उत्तर लातूरच्या आडत बाजारात उभे राहून शोधल्यास ते अधिक स्पष्ट होते. तेथील व्यापाऱ्यास हाजिर व वायदा हे शब्द नवे नाहीत. सोयाबीनच्या हंगामात हाजिर माल घ्यावा, तीन महिन्यांनंतरचा वायदा विकावा, आणि माल गोदामात ठेवावा, ही खेळी वर वर्णिलेल्या खेळीची सख्खी बहीण आहे. उदाहरणापुरते हाजिर भाव क्विंटलला ४,५०० रुपये आणि वायदा ४,७५० रुपये धरू. तफावत २५० रुपयांची, म्हणजे फंडाच्या तफावतीच्या कितीतरी पट मोठी दिसते. परंतु दहा टक्के दराने तीन महिन्यांचे व्याज ११२ रुपये होते. गोदामभाडे, विमा, हमाली यांचे ४० रुपये धरले, तर उरतात ९८. दाणा सुकून वजनात एक टक्का जरी घट आली तरी आणखी ४५ रुपये जातात. सोयाबीनच्या वायद्याचे मूळ केंद्र इंदूर. माल तेथवर न्यावयाचा झाल्यास भाडे, आणि जवळच्या मान्य गोदामात द्यावयाचा झाल्यास स्थानपरत्वे भावातील फरक, हे सोसावे लागते. शिवाय ओलावा, काडीकचरा, डागी दाणे यांच्या कसोटीत माल उतरलाच नाही, तर आपण घेतलेली वस्तू आणि विकलेली वस्तू या दोन निराळ्या वस्तू होत्या, असे त्या दिवशी निष्पन्न होते.

शेअरमध्ये हे काहीच घडत नाही. डीमॅट खात्यातील एक शेअर दुसऱ्या शेअरासारखाच असतो. तो सुकत नाही, त्याला कीड लागत नाही, त्याला गोदाम लागत नाही. रोखीने घेतलेली आणि वायद्याने विकलेली वस्तू तंतोतंत एक असते. दुसरी गोष्ट अशी की, ऑक्टोबर २०१९ पासून एकेका शेअरचे सर्व वायदे मुदतीअखेर प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन पुरे करावे लागतात. त्यामुळे त्या दिवशी वायद्याचा भाव रोख भावाला येऊन मिळणे हे केवळ अपेक्षित नसून अपरिहार्य असते. अल्प जोखमीचे सारे रहस्य या दोन गोष्टींत आहे: वस्तूची अभिन्नता आणि मिलनाच्या दिवसाची निश्चिती. या दोहोंपैकी एक जरी ढळली, तरी जोखीम परत येते.

दुसरी गोष्ट ढळली म्हणजे काय होते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन व हरभरा यांसह सात शेतमालांच्या वायद्यांत नवे सौदे करण्यास मनाई केली. चालू सौदे केवळ मिटविण्याची मुभा ठेवली. आणि एका वर्षाची ही बंदी पुढे पुन्हा पुन्हा वाढविण्यात आली. महागाई रोखण्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्य की अयोग्य, हा निराळा वाद आहे. ज्याने माल गोदामात ठेवून वायदा विकला होता, त्याच्या खेळीतील पुढील मुदतीवर जाण्याची वाट मात्र त्या दिवशी बंद झाली, आणि त्याच्याकडे उरला तो केवळ माल, आपल्या साऱ्या चढउतारासह. शेअरांच्या बाबतीत असे काही घडलेले नाही. तरीही फंडाची सुरक्षितता ही बाजाराच्या चालू नियमांची देणगी आहे, निसर्गदत्त नाही, एवढा बोध त्यातून घेण्याजोगा आहे.

मग आर्बिट्राज फंडात काय बिघडू शकते? पहिली गोष्ट मधल्या काळाची. वर जो ३,००० रुपयांचा हिशेब मांडला तो मुदतीच्या दिवशीचा आहे. मुदतीआधी एखाद्या दिवशी रोख भाव १,००० वरच राहिला आणि तेजीच्या भरात वायदा १,०१५ वर गेला, तर विकलेल्या वायद्यावर शेअरमागे ९ रुपये, म्हणजे एकूण ४,५०० रुपये तोटा त्या दिवशीच्या हिशेबात दिसतो, आणि फंडाच्या युनिटचे मूल्य तितके खाली येते. मुदत संपेपर्यंत थांबणाऱ्यास तो तोटा भरून मिळतो. त्याच दिवशी पैसे काढणारा तो कायमचा पत्करतो. या फंडात दोन-चार दिवसांसाठी पैसे ठेवू नयेत आणि किमान काही महिने तरी ठेवावेत असे सांगतात, त्याचे कारण हे आहे. पुष्कळ फंड अल्पावधीत पैसे काढणाऱ्यास थोडे शुल्क लावतात, त्याचाही संबंध येथेच आहे.

दुसरी गोष्ट तफावतच नाहीशी होण्याची. मार्च २०२० मध्ये महामारीच्या भयाने बाजार कोसळला. २३ मार्च या एका दिवसात निफ्टी सुमारे १३ टक्क्यांनी उतरला. त्या आठवड्यांत वायद्यांचे भाव रोख भावांच्या खाली गेले. जुन्या भाषेत हा उंधा बदलाच. अशा वेळी तर्कशास्त्र सांगेल की खेळी उलटवावी, म्हणजे वायदा घ्यावा आणि रोख शेअर विकावा. परंतु जवळ नसलेला शेअर विकावयाचा तर तो उसना मिळाला पाहिजे, आणि आपल्याकडे तसे शेअर पुरेशा प्रमाणात सहजी उसने मिळत नाहीत. म्हणून हे फंड एकाच पायावर चालतात: शेअर घेणे आणि वायदा विकणे. ज्याचे जुने सौदे चांगल्या तफावतीने झाले आहेत, त्याला वायदा खाली गेल्याने तात्काळ नफा होतो. पण पुढील महिन्यासाठी नवी तफावत मिळत नाही, आणि पैसा अल्पमुदतीच्या रोख्यांत नुसता बसवून ठेवावा लागतो. मुद्दल बुडत नाही, परतावा मात्र रोडावतो. 'अल्प जोखीम' याचा अर्थ 'निश्चित परतावा' असा होत नाही, हे यावरून ध्यानी येईल.

तिसरी गोष्ट खर्चाची. आणि तफावत बारीक असल्यामुळे ती नगण्य नाही. शेअर प्रत्यक्ष घेताना व विकताना प्रत्येकी ०.१ टक्का व्यवहारकर धरला तर आपल्या उदाहरणात सुमारे १,००० रुपये त्यातच जातात, म्हणजे ३,००० पैकी तिसरा हिस्सा. म्हणून फंड दरमहा शेअर विकीत नाही. शेअर तसेच ठेवून तो चालू महिन्याचा वायदा परत घेतो आणि पुढील महिन्याचा विकतो. वायद्यावरील कर फक्त विक्रीवर लागतो आणि दरही पुष्कळ कमी असतो. मात्र १ ऑक्टोबर २०२४ रोजी तो ०.०१२५ वरून ०.०२ टक्का करण्यात आला, तेव्हा पाच लाखांच्या सौद्यामागे दरमहा सुमारे ६२ रुपयांऐवजी १०० रुपये जाऊ लागले. त्यात दलाली व फंडाचे व्यवस्थापनशुल्क मिळविले, म्हणजे ढोबळ तफावत आणि गुंतवणूकदाराच्या हाती पडणारा परतावा यांतील अंतर कळून येते. शेवटी हा परतावा अल्पमुदतीच्या ठेवींच्या दराच्या आसपासच घुटमळतो. जे मूलतः व्याजच आहे, ते व्याजदराहून फार वेगळे कसे असेल?

असे असता हा फंड अस्तित्वात का आहे? याचे उत्तर बाजारात नसून करकायद्यात आहे. ज्या योजनेची किमान ६५ टक्के गुंतवणूक शेअरांत असते, तिचा नफा कायद्याच्या दृष्टीने शेअरांवरील नफा ठरतो. फंडाने शेअर घेतले त्याच क्षणी वायदा विकून त्या शेअरांतील शेअरपण काढून टाकले आहे, हे कायदा पाहत नाही. २३ जुलै २०२४ नंतरच्या तरतुदींनुसार असा नफा बारा महिन्यांच्या आत काढला तर त्यावर २० टक्के, आणि त्यानंतर काढला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंत काहीही नाही व त्यापुढे १२.५ टक्के कर आकारला जाऊ लागला. मुदतठेवीचे व्याज मात्र नेहमीच्या उत्पन्नात मिळविले जाते.

याचा परिणाम माणसागणिक निराळा होतो, आणि बँकेच्या दारात सांगितल्या जाणाऱ्या वर्णनात नेमके हेच गाळले जाते. पाच लाख रुपयांवर मुदतठेव ७ टक्के आणि फंड ६.५ टक्के देतो असे धरू. ज्याचे उत्पन्न ३० टक्क्यांच्या पायरीवर आहे, त्याला ठेवीच्या ३५,००० रुपयांतून १०,५०० रुपये कर जाऊन २४,५०० उरतात. फंडात वर्षाहून अधिक काळ ठेवल्यास, आणि दुसरा तसा नफा नसल्यास, ३२,५०० रुपये पूर्ण हाती येतात. त्याच्या दृष्टीने फंड उघडच सरस आहे. आता नांदेडचा निवृत्त शिक्षक घ्या. त्याचे सारे उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे आणि तो नव्या कररचनेत आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून मिळू लागलेल्या सवलतीमुळे ठेवीच्या ३५,००० रुपयांवर त्याला कर लागत नाही. परंतु ही सवलत विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नास लागू होत नाही. त्याने फंडातून दहाव्या महिन्यात पैसे काढले आणि नफा २७,००० झाला, निवृत्तिवेतनाने करमुक्त मर्यादा आधीच व्यापली असली, तर ५,४०० रुपये कर त्याला भरावा लागेल. ज्याला एरवी करच नव्हता, तो करपात्र झाला, आणि तोही मूळचा दर कमी असलेल्या योजनेत. वर्ष उलटेपर्यंत थांबला तर कर वाचेल, पण ठेवीहून अधिक काही मिळणार नाही; आणि ठेवीस जे पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण आहे, तेही फंडास नाही.

निष्कर्ष असा. आर्बिट्राज फंड ही फसवी वस्तू नव्हे. तिची यंत्रणा अत्यंत सुबक आहे, आणि उच्च करपायरीवरील, वर्षभर थांबू शकणाऱ्या मनुष्यास ती उपयुक्त आहे. दोष आहे तो तिच्या वर्णनात. 'तफावतीचा लाभ' म्हटले की ऐकणारा चातुर्याची कल्पना करतो आणि ते चातुर्य आपल्या वाट्याला आल्याबद्दल कृतज्ञ होतो. 'सट्टेबाजास शेअरांच्या तारणावर दिलेल्या पैशाचे व्याज, ज्यास कायदा शेअरांचा नफा मानतो' असे म्हटले, तर तो लगेच योग्य प्रश्न विचारील: आज व्याजाचा दर काय, आणि माझ्या करात किती फरक पडेल? लातूरचा आडत्या हाजिर आणि वायदा यांतील फरक ऐकताच भाडे, घट व व्याज यांचा हिशेब मांडू लागतो, कारण त्याच्या शब्दांमागे माल व गोदाम उभे असते. मराठीत या विषयाची परिभाषा घडविणाऱ्यांनी 'अंतरपणना'सारखे नवे शब्द जुळविण्यापूर्वी, बाजारात रुळलेले हाजिर, वायदा आणि बदला हे शब्द तपासून घ्यावेत, एवढीच प्रस्तुत लेखकाची सूचना आहे.